फ्लॅंज बुशचं ड्रॉइंग वाचताना
प्रश्न: साकीनाक्याला एका मशीन शॉपमध्ये लेथवर ट्रेनी म्हणून लागलोय. ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर फोटो काढून येतं. सोबत एका फ्लॅंज बुशचा फोटो टाकलाय. त्यातलं सेक्शन A-A, 25 H7, 40 च्या पुढचं अक्षर आणि कंसातला 35 कळत नाही. कोणी नीट समजावेल का?

उत्तर:

आकड्यांना हात लावण्याआधी सेक्शन बघा, कारण जॉब आतून कसा आहे ते तिथेच कळतं. समोरच्या व्ह्यूमध्ये A आणि A अशी बाण असलेली तुटक रेघ आहे. त्या रेघेवर बुश उभा कापला आणि बाणांच्या दिशेने पाहिलं की जे दिसेल ते सेक्शन A-A. तिरप्या बारीक रेघा, म्हणजे हॅचिंग, जिथे आहे तिथे धातू कापला गेलाय. जिथे हॅचिंग नाही, तिथे पोकळी आहे.

नवीन माणूस नेमका फसतो तो बोअरच्या आत आडव्या गेलेल्या त्या एका रेघेला. फोटोत 32 चा काउंटरबोअर 12 खोल आहे आणि तो जिथे संपतो तिथे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सरळ रेघ आहे. ती बघून वाटतं की बोअर तिथे बंद आहे. तसं नाही. बंद असता तर त्या जागी हॅचिंग आलं असतं. ही रेघ मागच्या अर्ध्या भागातली पायरीची कड आहे, आपण कापून आत बघतोय म्हणून ती दिसते. म्हणजे 25 चा बोअर आरपार आहे आणि एका तोंडाला 32 चा रुंद भाग.

फ्लॅंजवरची चार भोकं समोरच्या व्ह्यूमध्ये 45 अंशांवर दिसतात, पण सेक्शनमध्ये वर एक आणि खाली एक अशी सरळ काढलीत. हे चुकीचं नाही. भोक खरोखर किती खोल आहे ते कळावं म्हणून ते कापण्याच्या रेघेवर फिरवून दाखवायची पद्धत आहे. भोकांची जागा मात्र समोरच्या व्ह्यूमधूनच घ्या: 55 च्या पीसीडीवर, म्हणजे चारही भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या 55 डायाच्या वर्तुळावर.

आता टॉलरन्स. कॅपिटल अक्षर भोकाचं, स्मॉल अक्षर शाफ्टचं, म्हणजे बाहेरच्या मापाचं. H7 म्हणजे भोक 25 पेक्षा लहान चालणार नाही आणि मोठं फक्त 0.021 पर्यंत. म्हणजे 25.000 ते 25.021. इथे व्हर्नियर कामाचा नाही. बोअर डायल गेज किंवा प्लग गेज लागतो. शॉपमध्ये नसेल तर नागदेवी स्ट्रीटवर चौकशी करा. प्लग गेजची गो बाजू अलगद आरपार जायला हवी आणि नो गो अडायला हवी. गो बाजू जोर लावून आत ढकलत असाल तर बोअर लहान आहे, दंडात ताकद असण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

40 च्या पुढचं अक्षर मला g वाटतंय, पण फोटो हललेला आहे आणि पैज लावायला मी तयार नाही. ते g6 असेल तर माप 39.975 ते 39.991, म्हणजे बुश हाऊसिंगमध्ये किंचित ढिला, हाताने सरकणारा. तेच p6 असेल तर 40.026 ते 40.042, म्हणजे प्रेसने बसवायचा. एका अक्षराच्या शेपटीमुळे अख्खा फिट बदलतो. म्हणून अशा ठिकाणी अंदाज नको, सुपरवायझरकडून मूळ पीडीएफ मागा. ती मिळत नसेल तर निदान एवढं विचारा: बुश दाबून बसतो की हाताने सरकतो? उत्तरावरून अक्षर समजेल. आणि फोटोवर पट्टी ठेवून माप काढायचा विचारही करू नका. मोबाइल जरा तिरका धरला की एक बाजू लांब दिसते.

g6 आहे असं धरून पुढे बघू. हाताशी असलेली जागा 0.016 मिलिमीटर, म्हणजे 16 मायक्रॉन. इथे मुंबईची हवा नाही, जॉबची गरमी त्रास देते. बुश स्टीलचा आहे आणि नुकताच फिनिश कट घेतला, जॉब 60 अंशांच्या आसपास, मायक्रोमीटर शॉपच्या 34 अंशांवर. 26 अंशांच्या फरकाने 40 च्या डायाचं स्टील साधारण 12 मायक्रॉन फुगलेलं असतं. तुम्हाला रीडिंग मिळालं 39.980, म्हणजे छान मधोमध. जॉब थंड झाला की तो 39.968 होतो, म्हणजे 39.975 च्या खाली, थेट रिजेक्ट, आणि बाहेरचा डाया कमी झाला की परत वाढवता येत नाही. म्हणून फिनिश कटच्या आधी जॉब कूलंटने आणि वेळ देऊन शॉपच्या तापमानाला आणा, मग मोजा. शेवटचं मटेरियल काढताना डाया वरच्या हद्दीकडे ठेवा. बोअरमध्ये उलट, खालच्या हद्दीकडे. दोन्हीकडे धातू शिल्लक राहतो आणि परत कट घेता येतो.

ज्या मापांपुढे काहीच लिहिलेलं नाही, उदाहरणार्थ फ्लॅंजचा 70, ती मोकाट सोडलेली नसतात. त्यांची हद्द ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत असते आणि तुमच्या फोटोत तो कोपरा कापला गेलाय. तिथे ISO 2768-m असेल तर 70 ला ±0.3 आणि 12 च्या खोलीला ±0.2 मिळतं. तो कोपरा मागवा, त्यात मटेरियलही लिहिलेलं असतं.

राहिला कंसातला (35). कंसात लिहिलेलं माप फक्त माहितीसाठी असतं, त्यावर जॉब पास-नापास होत नाही. ड्रॉइंगमध्ये एकूण लांबी 45 ±0.1 आणि फ्लॅंजची जाडी 10, त्यावर +0.05 आणि खाली 0. उरलेला भाग या दोघांच्या वजाबाकीतून येतो: जास्तीत जास्त 45.10 − 10.00 = 35.10 आणि कमीत कमी 44.90 − 10.05 = 34.85. आता समजा तुम्ही 35 लाच माप मानून, त्यावर ±0.3 लागतं असं धरून, 35.15 बनवलं आणि फ्लॅंज 10.05 केली. दोन्ही तुकडे आपापल्या जागी ठीक वाटतात, पण एकूण लांबी झाली 45.20, म्हणजे हद्दीबाहेर. म्हणून फ्लॅंजची जाडी आणि एकूण लांबी या दोन मापांवर टूल सेट करा. (35) काय आलं ते जॉब निघाल्यावर मोजून बघा, 34.85 ते 35.10 च्या बाहेर असेल तर आधीच्या दोनांपैकी एक माप नक्की घसरलंय.