दुसरा फ्लॅट: भाडं आणि हातात उरणारी रक्कम

प्रश्न: हातात थोडी रक्कम आहे, उरलेलं कर्ज काढून दुसरा फ्लॅट घ्यावा म्हणतोय. भाड्यातून हप्त्याला हातभार लागेल आणि किंमत तर वाढतेच. मग ही गुंतवणूक दिसते तितकी चांगली नाही असं काही जण का म्हणतात?

उत्तर:

मी असा फ्लॅट १२ वर्षं ठेवला आणि मग विकला. पहिल्या दिवसापासून वही ठेवली होती, म्हणून अंदाजाने नाही तर हिशोबाने सांगते. आकडे मात्र किमतीच्या प्रमाणात देते. फ्लॅटची किंमत १००० धरा, म्हणजे तुमच्याकडची रक्कम कितीही असली तरी तुम्हाला आपापलं गणित मांडता येईल.

महिन्याचं भाडं ३ होतं, वर्षाचे ३६. घेताना मी जे गणित केलं तेच बहुतेक जण करतात: भाड्याचे ३.६ टक्के, वर किंमत वर्षाला ६ टक्क्यांनी वाढेल, एकूण साडेनऊच्या वर. किंमत खरंच तशी वाढली. १२ वर्षांत १००० चे २००० झाले. तरीही शेवटी मला साडेनऊ टक्के मिळाले नाहीत.

पहिली गळती घर घेतानाच होते. मुद्रांक, नोंदणी, दलाली आणि वकील मिळून ८० गेले. मग ते घर भाड्याने देण्याजोगं करायला पंखे, दिवे, स्वयंपाकघरातली कपाटं, खिडक्यांच्या जाळ्या, गिझर यात ४० गेले. म्हणजे माझे गुंतले ११२०, पण बाजारात त्या वस्तूची किंमत १०००च. कपाटं आणि पंखे विकताना कोणी वेगळे मोजत नाही.

आता भाडं. इथे जरा सावकाश जाऊ, कारण माणसं सगळ्यात जास्त इथेच फसतात. माझ्याकडे एक भाडेकरू साधारण २२ महिने राहायचा. तो गेला की सरासरी दोन महिने घर रिकामं. एक महिना रंग आणि किरकोळ कामांत, दुसरा नवीन माणूस मिळण्यात. २४ महिन्यांत २२ महिन्यांचं भाडं, म्हणजे वर्षाला ३६ नाही, ३३. प्रत्येक बदलाला दलालाचं एक महिन्याचं भाडं, म्हणजे ३, आणि रंग-डागडुजीचे ४. हे ७ दर दोन वर्षांनी, म्हणजे वर्षाला साडेतीन. उरले २९.५.

याशिवाय घरात कोणी राहो न राहो, इमारतीचा मेंटेनन्स वर्षाला ४.५ आणि घरपट्टी १.५ हे चालूच. मोठ्या कामांसाठी मी वर्षाला ३ धरायला शिकले. कित्येक वर्षं काहीच निघत नाही आणि मग एखाद्या वर्षी न्हाणीघराची गळती एकदम १५ मागते, तेव्हा सरासरी तेवढीच येते. २९.५ मधून हे ९ वजा केले की उरतात २०.५. गुंतवलेल्या ११२० वर हे १.८ टक्के होतात. त्यावरचा आयकर अजून धरलेलाच नाही. ३.६ चे १.८ झाले, अगदी निम्मे.

भाडेकरू बदलायचा खर्च बाजूला काढून बघा. एकच भाडेकरू कायम राहिला असता तर वर्षाला २७ उरले असते. बदलामुळे २०.५ उरले. म्हणजे निव्वळ कमाईचा जवळजवळ चौथा हिस्सा नुसत्या अदलाबदलीत जातो. हे ध्यानात येण्याआधी मी एक चूक केली. तिसऱ्या वर्षी एक कुटुंब चांगलं राहत होतं, भाडं वेळेवर येत होतं. करार संपला तेव्हा मी ५ टक्के वाढ मागितली. त्यांनी थोडं कमी करा म्हटलं, मी हटून बसले, ते निघून गेले. घर तीन महिने रिकामं पडलं, त्याचे ९. दलालीचे ३. रंगाचे ४, पण रंग कधीतरी लागलाच असता म्हणून ते सोडून देऊ. गेले १२. ज्या वाढीसाठी मी अडले ती महिन्याला ०.१५ होती. १२ भरून निघायला ८० महिने, जवळजवळ पावणेसात वर्षं. त्यानंतर चांगला भाडेकरू असेल तर वाढीचं बोलणं मी स्वतः आधी सुरू केलं आणि बाजारभावापेक्षा थोडं खालीच ठेवलं.

रिकामं घर नुसतं कमवत नाही एवढंच नसतं, ते खराबही होतं. त्या तीन महिन्यांत मी दोनदाच गेले. दुसऱ्यांदा दार उघडलं तर कुबट वास. न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकून गेलं होतं. ते पाणीच गटाराची हवा अडवून धरतं, ते आटलं की वास आणि झुरळं थेट वर येतात. पाहायला आलेली दोन माणसं त्या वासानेच परत गेली असणार. शिवाय बेडरूमच्या भिंतीवर, न्हाणीघराला लागून असलेल्या बाजूला, हातभर उंचीपर्यंत ओल चढून रंग फुगला होता. घरात कोणी राहत असतं तर आठवड्याभरात फोन आला असता. आता मी सगळ्यांना सांगते, घर रिकामं असेल तर पंधरा दिवसांनी एकदा जाऊन सांडपाण्याच्या प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि भिंतींवरून हात फिरवा.

आणखी एक गोष्ट एकाच फ्लॅटला विशेष लागू होते. वीस घरं असलेल्या मालकाचं एखादं घर रिकामं असलं तरी बाकीच्यांचं भाडं येत असतं. तुमच्याकडे एकच असेल तर उत्पन्न पूर्ण असतं किंवा शून्य. आणि शून्याच्या महिन्यातच दलाली, रंग आणि मेंटेनन्स एकत्र येतात. म्हणून सरासरी कितीही ठीक दिसली तरी सहा महिन्यांचे हप्ते आणि खर्च वेगळे ठेवल्याशिवाय यात उतरू नये असं माझं ठाम मत आहे.

आता विक्री. २००० ला गेला, पण दलाली आणि कागदपत्रांचे ३० वजा होऊन हाती १९७०. शिवाय गिऱ्हाइकाला मोकळं घर दाखवायचं म्हणून भाडेकरूला आधी जाऊ द्यावं लागलं, त्यानंतर सौदा व्हायला पाच महिने गेले. ते नुकसान मी या गणितात धरलेलंही नाही. भाडं आणि खर्च दोन्ही वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत गेले असं धरून, सुरुवातीचे ११२०, दरवर्षी उरलेलं भाडं आणि शेवटचे १९७० असं सगळं मांडलं की वार्षिक परतावा ६.७ टक्क्यांच्या आसपास येतो. कर भरण्याआधी. किंमत दुप्पट होऊनसुद्धा एवढाच. बारा वर्षं चाव्या सांभाळणं, प्लंबरच्या मागे लागणं, करार करायला सुट्टी काढणं, याची किंमत त्यात शून्य धरली आहे.

तुमच्या प्रश्नातला कर्जाचा भाग मला जास्त काळजीचा वाटतो. समजा १००० पैकी ७०० कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता सहाच्या थोडा वर बसतो. भाडं ३ म्हणजे निम्मा हप्ता सुटला असं वाटतं. पण वर पाहिलं तसं हातात उरणारं भाडं महिन्याला १.७ आहे, म्हणजे हप्त्याच्या चौथ्या हिश्श्याहून जरासं जास्त. उरलेले जवळजवळ साडेचार दर महिन्याला तुमच्या पगारातून जाणार आणि घर रिकामं असलं की सहाच्या सहा.

कर्जाने फायदा वाढतो असं सांगितलं जातं, पण ते तेव्हाच खरं असतं जेव्हा वस्तू व्याजदरापेक्षा जास्त कमावते. इथे वस्तू ६.७ कमावते आणि कर्ज ८.५ मागतं. उसन्या घेतलेल्या प्रत्येक रुपयामागे तुमच्या स्वतःच्या पैशाची कमाई कमी होत जाते. सोपं पडावं म्हणून मधल्या काळात फक्त व्याज भरलं आणि मुद्दल विक्रीच्या वेळी फेडलं असं धरून मी मांडून पाहिलं. ११२० मधले ७०० कर्जाचे, म्हणून तुमच्या स्वतःच्या ४२० वरचा परतावा ५ टक्क्यांच्याही किंचित खाली येतो. किंमत वर्षाला १० टक्क्यांनी वाढली तर चित्र पार उलटतं, हेही खरं. म्हणजे कर्ज काढून घेतलेला फ्लॅट ही भाड्याची गुंतवणूक राहत नाही, ती किंमत झपाट्याने वाढेल यावर लावलेली पैज होते. तशी पैज लावायची असेल तर जरूर लावा, पण भाड्याचा आधार आहे असं समजून नको.

तुमच्या डोळ्यासमोरचा फ्लॅट पारखायचा असेल तर दलालाने सांगितलेलं भाडं धरू नका, ते मागितलं जाणारं भाडं असतं. त्याच इमारतीतल्या दोन-तीन भाडेकरूंना ते खरोखर किती देतात आणि त्यांच्याआधीचा किती दिवस टिकला ते विचारा. संध्याकाळी आठ-नऊला खाली उभं राहून किती खिडक्यांत उजेड आहे ते मोजा. चौथा हिस्सा अंधारात असेल तर तुमचं घर त्या सगळ्या रिकाम्या घरांशी स्पर्धा करणार आहे, आणि माझे दोन महिने तुमचे चार होतील.

मग किमतीच्या मानाने भाडं बघा. मेंटेनन्स, घरपट्टी आणि गळती भाडं पाहून कमी होत नाहीत, त्यामुळे भाडं जितकं कमी तितका त्यांचा घास मोठा. माझ्या ३६ मधले २०.५ उरले. त्याच १००० च्या घराला वर्षाला ६० भाडं असतं, तर त्याच पद्धतीने रिकामे महिने, दलाली आणि सगळे खर्च काढून ४१ च्या वर उरले असते. भाडं पावणेदोन पटसुद्धा नाही, पण हातात दुप्पट. असं घर, तेही फार तर थोड्या कर्जावर मिळत असेल, तर मी आजही विचार करेन. वर्षाचं भाडं किमतीच्या चार टक्क्यांहून कमी असेल तर मी पुन्हा घेणार नाही.