पोट हलतंय म्हणजे श्वासपटल काम करतंय, असं समजू नका

प्रश्न: मी नुकताच योगशिक्षकाचा कोर्स केला आहे. विद्यार्थी छातीने श्वास घेतोय की पोटाने, हे कसं ओळखायचं? "पोटाने श्वास घ्या" म्हटलं की वर्गात सगळ्यांची पोटं हलतात, पण त्यातलं खरं किती ते कळत नाही.

शंका अगदी रास्त आहे. आत्ता बसल्या जागी एक करून बघा. श्वास सोडा, थोडं थांबा, आणि श्वास न घेताच पोट पुढे ढकला, मग आत ओढा. हवा जराही आत गेली नाही, तरी पोट छान हललं. वर्गातली आज्ञाधारक मंडळी नकळत हेच करतात. तुम्ही पोट म्हणालात, त्यांनी पोट हलवून दाखवलं. श्वास मात्र वरच्या वर चालू राहिला.

म्हणून मी पोटाकडे सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते कुशीकडे, म्हणजे खालच्या बरगड्यांच्या बाजूंकडे. याचं कारण श्वासपटलाच्या रचनेत आहे. हा घुमटाकार स्नायू कडेने खालच्या सहा बरगड्यांना, पुढे छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाला आणि मागे कमरेच्या वरच्या मणक्यांना जोडलेला असतो. श्वास घेताना तो आकसतो आणि घुमट खाली येतो, शांत श्वासात साधारण एक-दोन सेंटिमीटर. खालचे अवयव दाबले जातात आणि पोटाची भिंत पुढे येते. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच वेळी पोटातला वाढलेला दाब आणि स्नायूची वरच्या दिशेची ओढ मिळून खालच्या बरगड्या बाजूला उघडतात, बादलीची कडी उचलावी तशा. पोट नुसतं ढकलून हे होत नाही. त्यामुळे सोंग पोटाचं सहज आणता येतं, कुशीचं सहसा नाही.

आता छातीच्या श्वासाबद्दल. "याचं श्वासपटल कामच करत नाही" असं काही शिक्षक बिनधास्त सांगून टाकतात, ते चूक आहे. छातीने श्वास घेणाऱ्याचंही श्वासपटल चालूच असतं. फरक एवढाच की पोटाचे स्नायू आवळलेले असल्यामुळे घुमटाला खाली यायला वाव कमी मिळतो, आणि उरलेलं काम मानेचे आणि खांद्याचे स्नायू पिंजरा वर उचलून करतात. उलट बाजूने, निरोगी माणसाची छातीही शांत श्वासात थोडी हलतेच. मानेच्या बाजूचे खोल स्नायू प्रत्येक श्वासाला हलकी मदत करत असतात. तेव्हा "छाती अजिबात हलता कामा नये" हा आग्रह धरू नका. त्याने विद्यार्थी छाती आवळून धरतो आणि नवीन ताण तयार होतो. आपल्याला बघायचं आहे ते हे, की हालचाल कुठून सुरू होते आणि जास्त कुठे होते.

वरवरच्या श्वासाने बिघडतं काय, ते एका हिशेबात दिसतं. शांत बसलेला मोठा माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिली हवा घेतो. त्यातली १५० मिलीच्या आसपास नाक, घसा आणि श्वासनळ्यांतच राहते, रक्तापर्यंत पोचत नाही. मिनिटाला १२ श्वास धरले तर एकूण हवा सहा लिटर आणि कामाची हवा १२ गुणिले ३५०, म्हणजे ४.२ लिटर. आता तेच सहा लिटर कुणी २४ छोट्या श्वासांत, २५०-२५० मिली करून घेतले, तर कामाची हवा २४ गुणिले १००, फक्त २.४ लिटर. प्रत्यक्षात शरीर एवढी तूट चालू देत नाही, ते आणखी जोर लावून भरपाई करतं. हा जोर मानेला लागतो.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं. पहिली अट म्हणजे विद्यार्थ्याला कळू द्यायचं नाही. "तुमचा श्वास बघते" म्हटलं की श्वास बदललाच. दवाखान्यातल्या अनुभवी नर्स मनगट धरून नाडी मोजल्यासारखं करतात आणि तेवढ्यात श्वास मोजून घेतात. आपण सूचना ऐकत मांडी घालून बसलेल्या वर्गाकडे बघत मोजायचं. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाच्या चुकीचे चार होतात. विश्रांतीत १२ ते २० ही नेहमीची मर्यादा.

मग जरा बाजूला, तिरकं उभं राहून बघा. श्वास घेताना कॉलरबोन आधी उचलली जाते का? तिच्या वरचा खळगा आत ओढला जातो का? मानेच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ताणलेल्या दिसतात का? मधूनच मोठा उसासा येतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, श्वास आत येताना पोट आत जातं का? शेवटची खूण दिसली तर लय उलटी आहे असं समजा. "मोठा श्वास घ्या" म्हटलं की छाती काढून पोट आत घेणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात सापडतात, तो निव्वळ सवयीचा भाग असतो. शांत बसलेलं असतानाही असं होत असेल तर मात्र नोंद ठेवा.

यानंतर हात. आधी परवानगी विचारायची आणि मागून तळवे खालच्या बरगड्यांवर ठेवायचे, अंगठे पाठीकडे, बोटं पुढे. श्वासपटल मोकळं असेल तर दोन्ही तळवे बाजूंना सरकतात. छातीचा श्वास असेल तर तळवे एकमेकांपासून लांब जात नाहीत, सगळा पिंजरा वर उचलला जातो. स्पर्श नको असेल तर ओढणी घ्या. ती खालच्या बरगड्यांभोवती गुंडाळून टोकं पुढे तिढा देऊन विद्यार्थ्याच्याच हातात द्या. श्वास घेताना ओढणी चारी बाजूंनी ताणली जाते का, हे त्याला स्वतःलाच कळतं.

एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवायची पद्धत सगळे शिकवतात, ती वाईट नाही. पण ती शवासनात करून तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. पाठीवर झोपल्यावर पोटाचे स्नायू सैल पडतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकाचं पोट वरखाली होतं. बसल्यावर, उभं राहिल्यावर पोटाच्या भिंतीला थोडा ताण येतो आणि बरगड्यांचा वाटा आपोआप वाढतो. म्हणजे एकच माणूस झोपून पोटाने आणि बसून छातीने श्वास घेताना दिसू शकतो. मी दोन्ही बघते आणि भरवसा बसलेल्या स्थितीवर ठेवते, कारण दिवसाचा बराच वेळ आपण तसेच असतो.

एक उदाहरण सांगते. माझ्याकडे पन्नाशीच्या एक ताई येत. बँकेत नोकरी, तक्रार मानदुखीची. शवासनात पोट सुरेख वरखाली व्हायचं. बसल्यावर मात्र कॉलरबोन आधी उचलली जायची, कुशी जागच्या जागी, श्वास मिनिटाला २२. मागून हात ठेवले तर पिंजरा सरळ वर. विचारलं तेव्हा कळलं की दिवसभर साडी, परकराची नाडी घट्ट, आणि वर्षानुवर्षं पोट आत धरून बसायची सवय. वर्गात सलवार घालून यायच्या, तिचीही नाडी तशीच करकचून. आधी ती दोन बोटं सैल करायला लावली आणि पुन्हा हात ठेवले. कुशी थोड्या हलायला लागल्या होत्या.

त्यांना "पोट फुगवा" असं मी एकदाही म्हटलं नाही. सोडायच्या श्वासावर काम केलं. दात हलके जुळवून "स्स्स" असा आवाज करत सावकाश श्वास सोडायचा, शेवटी क्षणभर थांबायचं आणि पुढचा श्वास मुद्दाम न घेता येऊ द्यायचा. श्वास पूर्ण सुटला की पोट आत जातं, घुमट चांगला वर चढतो, आणि मग त्याला खाली यायला भरपूर जागा मिळते. त्यानंतर मकरासन: पालथं झोपून पाय फाकलेले, हातांची घडी, तिच्यावर कपाळ. इथे पोट पुढे यायला जमीन आडवी येते, त्यामुळे श्वास कुशीत आणि कमरेत जातो, आणि बाजूला बसून तुम्हाला कंबर वर येताना स्पष्ट दिसते. शेवटी बसून ओढणी. काही आठवड्यांनी त्यांच्या नकळत मोजलं तर श्वास पंधराच्या आसपास होते आणि कुशी आधी उघडत होत्या. मान बरीच सुधारली, पण ते श्रेय मी एकट्या श्वासाला देणार नाही, कारण मधल्या काळात त्यांनी ऑफिसमधला कॉम्प्युटरचा पडदाही वर उचलून घेतला होता.

तुम्हाला आणखी एक गोंधळ होईल. लोणावळ्याच्या कैवल्यधामाची १९२४ साली स्थापना करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी पूरकाच्या वेळी पोट फुगवू न देता त्याच्या स्नायूंवर ताबा ठेवायला सांगितलं. पुण्याच्या अय्यंगार पद्धतीतही प्राणायामाला छाती उघडी आणि उचललेली असते. याचा अर्थ ते छातीने वरवरचा श्वास घ्यायला सांगत होते असा नाही. पोट थोडं आवरलं की श्वासपटलाचा जोर बरगड्या बाजूला उघडण्याकडे जातो. तिथेही कॉलरबोन आणि मान शांतच हवी. विद्यार्थी आधी कुठल्या शाळेतून आलाय हे विचारून घ्या, नाहीतर त्याने कष्टाने शिकलेली गोष्ट तुम्ही दोष म्हणून लिहाल.

काही खुणांपाशी मात्र योगशिक्षकाने थांबायचं. श्वास घेताना खालच्या बरगड्या बाहेर न जाता आत ओढल्या जात असतील, विशेषतः जुन्या बिडी-सिगारेटवाल्यांमध्ये किंवा चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बायकांमध्ये, तर फुप्फुसं फुगून राहिल्यामुळे श्वासपटल सपाट झालेलं असू शकतं. अशांना पोटाच्या श्वासाचा आग्रह केला तर दम वाढतो. पाठीवर झोपलं की धाप लागते आणि त्या वेळी श्वास घेताना पोट आत जातं, असं दिसलं तर श्वासपटलाचा अशक्तपणा किंवा लकवा असू शकतो. धापेचं कारण हृदयातही असू शकतं. या दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना कुठलाही सराव न देता आधी डॉक्टरांकडे पाठवा, आणि तुम्ही काय पाहिलं ते दोन ओळींत चिठ्ठीवर लिहून द्या: झोपून की बसून, मिनिटाला किती श्वास, आणि कोणता भाग कुठल्या दिशेला जात होता.