विम्याचा क्लेम पास, पण जुन्या बँक खात्यामुळे पैसे परत गेले: आता काय करायचं?

प्रश्न: आईची एन्डोमेंट पॉलिसी मॅच्युअर झाली. रक्कम पाठवल्याचा मेसेजही आला, पण खात्यात काहीच नाही. विमा कंपनीच्या ब्रँचमध्ये म्हणतात, पॉलिसीवरचे बँक डिटेल्स जुने आहेत, ती बँक मर्ज झाली, पैसे परत आले. नवीन डिटेल्स देऊनही बरेच दिवस झाले. आता नक्की काय करू?

उत्तर:

तुमचं बहुतेक अर्धंच काम झालंय. पॉलिसीवरचं खातं बदलणं हे एक काम आणि परत आलेली रक्कम पुन्हा पाठवायला लावणं हे दुसरं. खातं बदलायचा अर्ज सर्व्हिसिंगच्या टेबलावर जातो, पेमेंट क्लेम विभाग करतो. नवीन खातं सिस्टिममध्ये चढलं म्हणून अडकलेली रक्कम आपोआप निघेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी ती ‘न दिलेली देणी’ अशा एखाद्या खात्यात पडून राहते आणि कोणीतरी नव्याने व्हाउचर केल्याशिवाय हलत नाही. मी विमा एजंट आहे आणि माझ्या ग्राहकांचे जेवढे क्लेम असे रखडले, त्यातले बहुतेक इथेच रखडले.

पण त्याआधी पैसे खरंच परत आले का, हे पक्कं करा. ब्रँचकडून त्या पेमेंटचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, मागा. एनईएफटीचा असेल तर तो सोळा अक्षर-अंकांचा असतो. सोबत ‘रिटर्न’ची तारीख आणि कारणही मागा. नियमाप्रमाणे समोरच्या बँकेला पैसे जमा करता आले नाहीत, तर ते त्या बॅचनंतर दोन तासांत परत पाठवावे लागतात. म्हणजे रिटर्न झालं असेल तर त्याची नोंद कंपनीकडे असणारच. यूटीआर यशस्वी दिसत असेल, तर मात्र पैसे कुठल्यातरी खात्यात पोचलेत. आईंचं जुनं पासबुक घेऊन विलीनीकरणानंतरच्या बँकेत जा आणि एंट्री मारून घ्या. जुना खाते क्रमांक आतून नव्या क्रमांकाला जोडलेला असतो आणि रक्कम विसरलेल्या खात्यात येऊन पडलेली असते, असंही घडतं. आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. एनईएफटीत पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावरून. नाव जुळतंय का हे बँकेने तपासलंच पाहिजे असं नाही. त्यामुळे कंपनीने एखादा आकडा चुकीचा टाकला असेल, तर तेही याच टप्प्यावर उघडं पडतं.

आता परत येण्याचं कारण. विलीनीकरणात सगळ्याच बँकांचं सारखं झालं नाही. काहींचे खाते क्रमांक तेच राहिले, फक्त आयएफएससी बदलला. काहींचे दोन्ही बदलले. सिंडिकेट बँक एप्रिल २०२० मध्ये कॅनरा बँकेत गेली आणि `SYNB` ने सुरू होणारे कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. नवा कोड काढायची रीत अशी होती: सुरुवात `CNRB`, आणि शाखेच्या जुन्या आकड्यात दहा हजार मिळवायचे. म्हणजे `SYNB0001234` चा `CNRB0011234` झाला. देना बँक आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, त्यांचे जुने कोड मार्च २०२१ पासून बंद झाले. पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या पॉलिसीवर यातलं काही आपोआप सुधारलं जात नाही, कारण हप्ता रोख किंवा चेकने भरला जात असतो आणि ते खातं कोणी वापरूनच पाहिलेलं नसतं.

माझ्या एका ग्राहक बाईंचा क्लेम सांगतो, म्हणजे पुढची अडचण लक्षात येईल. निवृत्त शिक्षिका, चार लाखांची मॅच्युरिटी. पहिलं पेमेंट जुन्या आयएफएससीमुळे परत आलं. त्यांनी लगेच नवीन एनईएफटी मँडेट, म्हणजे पैसे कुठल्या खात्यात पाठवायचे ते कळवायचा फॉर्म, भरला आणि सोबत कॅन्सल केलेला चेक जोडला. पेमेंट पुन्हा परत. फाइल काढून बघितली तर चेक होता जुन्या चेकबुकातला. त्यावर बँकेचं जुनं नाव आणि जुनाच आयएफएससी छापलेला. टेबलावरच्या माणसाने फॉर्मवरचा कोड न घेता चेकवरचा कोड सिस्टिममध्ये टाकला होता. त्याच्या दृष्टीने चेक हाच पुरावा. मग आम्ही पासबुकाचं पहिलं पान नव्याने छापून आणलं, त्यावर बँकेचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही घेतली, आणि तेच जोडलं. त्यानंतर रक्कम जमा झाली.

म्हणून तुम्ही दिलेल्या कागदांची प्रत एकदा काढून बघा. छापलेला कोड, खाते क्रमांकाचा प्रत्येक आकडा आणि नाव. पॉलिसीवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पूर्ण आणि बँकेत फक्त आद्याक्षर असेल, तर कंपनी आधी एक रुपया पाठवून नाव पडताळते तिथेही गाडी अडते. सहीचंही तसंच. वयामुळे आईंची सही बदलली असेल, तर मँडेटवरची सही बँकेकडून साक्षांकित करून घ्या. नाहीतर अर्ज कुणाला न कळवता बाजूला पडतो.

यानंतर क्लेम विभागाच्या नावाने वेगळं पत्र द्या. त्यात पॉलिसी क्रमांक, आधीचा यूटीआर, रिटर्नची तारीख, नवीन खातं ज्या दिवशी नोंदवलं ती तारीख, आणि एक स्पष्ट वाक्य लिहा: ‘परत आलेली रक्कम वरील खात्यात पुन्हा अदा करावी आणि विलंबाचं व्याज द्यावं.’ दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोलणं या कामात काही उपयोगाचं नाही, कारण पुढे सगळं तारखांवर ठरतं.

व्याजाबद्दल स्पष्ट सांगतो. विमा नियामकाच्या नियमांनुसार विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटपेक्षा २ टक्के जास्त दराने व्याज द्यायचं असतं. आर्थिक वर्षाच्या सुरुवातीचा बँक रेट धरतात. १ एप्रिल २०२४ ला तो ६.७५ टक्के होता, म्हणजे त्या वर्षासाठी ८.७५. चार लाखांवर वर्षाचे ३५,००० रुपये, दिवसाला साधारण ९६. पण पॉलिसीवर जुनंच खातं नोंदलेलं होतं त्या दिवसांबद्दल कंपनी म्हणणार की विलंब तुमच्याकडून आहे, आणि तिथे भांडण अवघड आहे. बरोबर कागद दिल्याच्या दिवसापासून पुढचा विलंब मात्र त्यांचा. चाळीस दिवस लावले तर ३,८३६ रुपये होतात. ते मागा; मागितल्याशिवाय क्वचितच मिळतात.

दोन आठवड्यांत हालचाल नसेल तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. फोनसाठी १५५२५५ हा क्रमांक आहे. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. आणि या काळात ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो’ असा फोन आला तर ओटीपी देऊ नका, ‘प्रोसेसिंग फी’ भरू नका. आईंनाही आजच सांगून ठेवा, कारण फोन बहुधा त्यांच्याच नंबरवर येईल.