करंगळी बधिर होते? आधी हँडलची टोकं बघा

"संगमेश्वर ते रत्नागिरी रोज बाईकने जातो. निवळीपर्यंत करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, संध्याकाळी कंबर धरते. ग्रिप बदलू का?"

दादा, ग्रिपला इतक्यात हात लावू नका. मी डॉक्टर नाही, मेकॅनिकही नाही, पण याच दोन बोटांनी मलाही छळलंय. हवा, चेन वगैरे तुम्ही बघितलं असेलच.

थरथर कुठून येते ते आधी ओळखा. गाडी न्यूट्रलला उभी करून रेस वाढवा. तशीच थरथर आली तर ती इंजिनची. उभ्या गाडीत काहीच नाही आणि वेगाबरोबर वाढते, तर टायर, रिम बघा. माझी पहिल्या प्रकारची होती. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मात्र कोनसेट बदलला, पुढचे शॉक उघडले, प्रत्येक वेळी बिल हातात, आणि वर "महामार्गच असा आहे, साहेब". रस्ता वाईट आहे हो, पण उभ्या गाडीत रस्ता कुठून आला? शेवटी बाजारातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने हँडलच्या टोकांवर बोट ठेवलं. हँडल बदलताना याच सेंटरने जुनी हँडल वेट काढली आणि जागी प्लॅस्टिकची टोपणं ठोकली! ती लोखंडी वजनं शोभेची नसतात. त्यांच्यामुळे हँडलची स्वतःची थरथर इंजिनच्या थरथरीशी जुळत नाही. ती बसवल्यावर अर्धाअधिक त्रास गेला. अजून राग येतो.

उरलेला त्रास बसण्याचा. करंगळीकडची नस तळव्याच्या बाहेरच्या उशीखालून जाते. कोपर ताठ ठेवून हातांवर भार टाकला की तीच दाबली जाते. (अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होत असतील तर नस वेगळी, तेव्हा मनगट किती वाकतंय ते बघा.) कोपर थोडं मोकळं, गुडघे टाकीला लागलेले, भार फूटरेस्टवर. क्लच-ब्रेकचे लिव्हर फिरवून असे लावा की बोटं ठेवल्यावर मनगट हाताच्या रेषेत सरळ राहील. हे पान्याचं काम आहे, फुकट होतं.

कंबरेचंही तसंच. खड्डा दिसला की पायांवर जोर देऊन सीटवरून जरासं उठा, नाहीतर दणका थेट मणक्यात. ऑफिसची बॅग पाठीवर नको, मागच्या सीटला बांधा.

एवढं करूनही राहिलं तर ग्रिप. माझ्या मते मऊ रबराची, फार जाड नको. जाड ग्रिप आवळून धरावी लागते, मग हात आणखी दुखतो. फोमची आपल्याकडे नकोच, जून ते सप्टेंबर ती पाणी पिऊन फुगते. आणि गाडीवर नसताना, रात्री झोपेतही बोटं बधिर राहत असतील किंवा पकड सुटत असेल, तर मिस्त्री सोडा, डॉक्टरांकडे जा.