‘मी काम केलो’ आणि ‘मी चहा पिलो’ : क्रियापद नेमकं कुणाचं ऐकतं?

प्रश्न : आमच्या उदगीरकडं ‘मी काम केलो’, ‘मी चहा पिलो’ असं सर्रास बोलतात. वर्गात मी हे चूक म्हणून सांगते. पण मुलं विचारतात, ‘मी जेवलो’ चालतं तर ‘मी काम केलो’ का चालत नाही, कर्ता तर दोन्हीकडं ‘मी’च आहे ना? लांब वाक्यात क्रियापद कुणाप्रमाणे बदलायचं, हे तपासायची सोपी रीत आहे का?

तुमच्या मुलांचा तर्क बिनचूक आहे. अर्धवट आहे तो आपण त्यांना शिकवलेला नियम. ‘क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं’ हे वाक्य वर्तमान आणि भविष्यकाळात बहुतेक ठिकाणी खरं ठरतं. भूतकाळात, म्हणजे क्रियापदात ‘ल’ आला की, आधी विचारावं लागतं : इथं क्रियापद ऐकतंय कुणाचं, कर्त्याचं की कर्माचं?

‘मी’च्या जागी एखादं नाव घालून बघा. ‘गंगाधर जेवला.’ ‘गंगाधरने काम केलं.’ दुसऱ्या वाक्यात ‘ने’ आला. ज्या नामाला असा प्रत्यय लागतो त्याचा क्रियापदावरचा हक्क जातो आणि तो बिनप्रत्ययाच्या नामाकडं, इथं ‘काम’कडं, येतो. काम नपुंसकलिंगी एकवचनी, म्हणून ‘केलं’. भाकरी असती तर ‘खाल्ली’, आंबा असता तर ‘खाल्ला’. गंगाधर पुरुष आहे की बाई, एक आहे की दहा, याच्याशी क्रियापदाला काही देणंघेणं नाही.

घोळ होतो तो ‘मी’मुळे. प्रमाण मराठीत ‘मी जेवलो’ आणि ‘मी काम केलं’ या दोन्ही वाक्यांत ‘मी’ सारखाच दिसतो, पण दुसऱ्या ‘मी’च्या पोटात ‘ने’ दडलेला आहे. हे पोरांना पटवायला पुस्तक लागत नाही. मराठवाड्यातली जुनी माणसं ‘म्या काम केलं’ म्हणतात, पण ‘म्या जेवलो’ म्हणत नाहीत. तो ‘म्या’ म्हणजे जुन्या मराठीतला ‘म्यां’, आणि त्याच्याही मागे संस्कृतातला ‘मया’ : ‘मया कार्यं कृतम्’, माझ्याकडून काम केलं गेलं. आज्जीच्या बोलण्यात जे दोन वेगळे शब्द शिल्लक आहेत, ते प्रमाण भाषेत एकच होऊन बसले. ‘तू’चंही तसंच, तिथं ‘त्वा’ होता.

मग ‘मी काम केलो’ आलं कुठून? उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. कन्नडमध्ये ‘नानु केलस माडिदे’, तेलुगूत ‘नेनु पनि चेसानु’. दोन्हीकडं क्रियापद करणाऱ्याच्याच मागे जातं, कामाला विचारत नाही. दखनीतही ‘मैंने’ नाही, नुसतं ‘मैं’. अशा शेजारात पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या मराठीनं भूतकाळाचा हिशोब सरळ करून घेतला : करणारा मी, तर क्रियापद माझं. बोली म्हणून ते पूर्ण सुसंगत आहे. त्यामुळं वर्गात ‘चूक’ म्हणण्यापेक्षा ‘लिहिताना असं नाही’ असं म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं.

आता तुमचं दुसरं उदाहरण. ‘मी चहा पिलो’ला तुम्ही पहिल्याच्याच रांगेत बसवलंत, तिथं मुलांवर थोडा अन्याय झाला. प्रमाण मराठीतही ‘मी चहा प्यायलो’ असंच आहे. बाई बोलत असेल तर ‘मी चहा प्यायले’. म्हणजे ‘पिलो’मध्ये रूप बोलीतलं आहे, जुळणी बरोबर आहे. पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे, म्हणणे ही क्रियापदं कर्म असूनही भूतकाळात कर्त्याचंच ऐकतात : ‘ती धडा शिकली’, ‘तो वही विसरला’. यामागे एक सरसकट कारण देता येत नाही, त्यामुळं एवढी पाच-सात पाठच करून घ्यावीत. यादी लहान आहे हे नशीबच.

तपासायची रीत सांगण्याआधी एक अडचण. नेहमीची युक्ती अशी की ‘मी’च्या जागी ‘तो’ घालायचा आणि तोंडातून ‘तो’ येतो की ‘त्याने’, हे ऐकायचं. पुण्या-नाशिकच्या मुलाला ती लागू पडते. तुमच्याकडं काही घरांत ‘तो सांगितला’, ‘ती केली’ असंच बोलतात, तिथं कानच वेगळी साक्ष देतो आणि युक्ती फसते. अशा मुलांसाठी कानापेक्षा डोळ्याचा आधार घ्या. त्यांनी वर्तमानपत्रात वाचलेलं असतं : मंत्र्यांनी आदेश दिला, सूचना दिली, आश्वासन दिलं, घोषणा केल्या. मंत्री तेच, ‘-नी’ तोच, क्रियापद मात्र दरवेळी पुढच्या नामाप्रमाणे फिरतं. हे चार तुकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले की मुलांना दिसतं.

निबंध तपासताना आणखी एक फसगत होते, ती मुलींच्या वह्यांत. मुलगी ‘मी काम केले’ लिहिते आणि आपण बरोबरची खूण करतो. पण ते ‘केले’ कामाचं आहे की तिचं स्वतःचं, ‘मी गेले’मधलं? तिचं स्वतःचं असेल तर पुढच्याच परिच्छेदात ‘मी भाकरी खाल्ले’ येईल. जिच्या घरी ‘मी गेली’ म्हणतात तिचं उलटं होतं : ‘मी भाकरी खाल्ली’ योगायोगानं बरोबर येतं आणि ‘मी काम केली’मध्ये पितळ उघडं पडतं. म्हणून चाचणीचं वाक्य देताना कर्म स्त्रीलिंगी अनेकवचनी निवडा : ‘मी चिंचा (वेचणे)’, ‘मी दोन पोळ्या (खाणे)’. मुलगा ‘वेचलो’ लिहील, मुलगी ‘वेचले’ किंवा ‘वेचली’ लिहील; ‘वेचल्या’ लिहिणाऱ्यालाच नियम कळलेला आहे. इथं योगायोगाला जागाच नाही.

यातूनच एक ताळा मिळतो. एकच वाक्य मुलगा आणि मुलगी दोघांकडून लिहून घ्या. प्रमाण लेखनात क्रियापद दोघांचं वेगळं आलं (विसरलो, विसरले) तर ते कर्त्याचं. दोघांचं सारखंच आलं (चिंचा वेचल्या) तर ते कर्माचं.

लांब वाक्यात रीत तीच, फक्त गर्दी जास्त. हे वाक्य घ्या :

‘परवाच्या पावसाच्या भीतीने शेतकऱ्यांनी काढलेल्या सोयाबीनच्या गंजी ताडपत्रीने झाकून ____.’

मुलं हमखास ‘ठेवले’ लिहितात. काहींच्या डोक्यात ‘शेतकरी’ असतात (ते शेतकरी, म्हणून ठेवले), काहींच्या ‘सोयाबीन’ (ते सोयाबीन, म्हणून ठेवले). दोन वेगळ्या चुका, उत्तर एकच, त्यामुळं मुलाला विचारल्याशिवाय त्याची चूक कुठली ते कळत नाही. पेन्सिल घेऊन प्रत्यय लागलेली नामं एकेक करून खोडा. ‘पावसाच्या’ गेलं, ‘भीतीने’ गेलं, ‘शेतकऱ्यांनी’ गेलं. ‘सोयाबीनच्या’ला ‘च्या’ आहे, तेही गेलं. ‘ताडपत्रीने’ गेलं. उरलं एकटं ‘गंजी’. ती एक की अनेक? ‘सोयाबीनच्या’ सांगतंय की अनेक. एकच असती तर ‘सोयाबीनची गंजी’ असतं. मग ‘त्या गंजी’ असं म्हणून बघायचं आणि ‘त्या’ला जुळणारं रूप घ्यायचं : ठेवल्या. मधल्या ‘झाकून’कडं बघायचं नाही, बदलतं ते शेवटचं क्रियापद.

खोडता खोडता एकही नाम उरलं नाही तर? ‘शेतकऱ्यांनी गंजींना ताडपत्रीने झाकलं.’ कर्त्याला ‘नी’, कर्माला ‘ना’. कुणालाच हक्क उरला नाही, म्हणून क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात गप्प बसतं. ‘आईने मुलीला उठवलं’, ‘आईने मुलींना उठवलं’, दोन्हीकडं ‘उठवलं’च. या ‘ला’नं अर्थही बदलू शकतो : ‘आम्ही मुलीला पाहिलं’ म्हणजे ती दिसली, आणि ‘आम्ही मुलगी पाहिली’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, पसंत पडली का?

शेवटच्या क्रियापदाचा मुद्दा जोडक्रियापदांत फार कामाला येतो. ‘मी निबंध लिहून टाकला’मध्ये टाकणे कर्माचं ऐकतं, पण ‘मी निबंध लिहू शकलो’ आणि ‘मी निबंध लिहू लागलो’ यांत शकणे, लागणे कर्त्याचं ऐकतात. निबंध तोच, लिहिणं तेच. ‘मी निबंध लिहू शकला’ अशी अतिशुद्ध चूक करणारी मुलंही आढळतील; ‘केलो’ लिहू नको असं नुसतं दटावलं की ‘-लो’चीच धास्ती बसते आणि मग ‘मी विसरला’सुद्धा वहीत उतरतं.

कर्मं दोन असली तर क्रियापद सहसा जवळच्याचं धरतं : ‘मी भाकरी आणि ठेचा खाल्ला’, ‘मी ठेचा आणि भाकरी खाल्ली’. आणि ‘तू’ असेल तर कर्माप्रमाणे रूप करून वर ‘स’ चढतो : ‘तू चिंचा वेचल्यास’. इथं लिंगवचन चिंचांचं आणि ‘स’ तुझा, असा वाटून घेतलेला मामला आहे.

सरावाला एकच वाक्य द्यायचं असेल तर हे द्या, कारण यात क्रियापद दर पावलाला धनी बदलतं : ‘मी शाळेतून आलो, हात धुतले, दोन पोळ्या खाल्ल्या, पाणी प्यायलो, दप्तर उघडलं, पण गणिताची वही वर्गातच विसरलो.’ उदगीरचा मुलगा ते एका दमात ‘आलो, धुतलो, खाल्लो, पिलो, उघडलो, विसरलो’ असं लिहील. सहापैकी तीन ठिकाणी जुळणी बरोबरच निघते. त्याला आधी ती तीन शोधू द्या. गोष्टीत एखादं उदगीरचं पात्र अवतरणचिन्हांत ‘मी दोन पोळ्या खाल्लो’ म्हणत असेल तर मात्र लाल पेन उचलू नका, तिथं तेच बरोबर आहे.