आधार दोन बँकांत जोडलंय, अनुदान नेमकं कुठे येणार?

प्रश्न: पीएम किसानचे पैसे जुन्या बँकेत जातात. नव्या बँकेत आधार देऊनही बदल झाला नाही. काय करू?

उत्तर: नव्या बँकेने तुमचा आधार बहुधा फक्त केवायसीसाठी नोंदवलाय. अनुदानासाठी एनपीसीआय या पेमेंट संस्थेच्या मॅपरमध्ये, म्हणजे कुठला आधार कुठल्या बँकेशी जोडलाय त्या यादीत, वेगळी नोंद लागते. यालाच सीडिंग म्हणतात, आणि तिथे एका आधारासमोर एकच बँक असते. शेवटी जिची नोंद झाली, तिच्याकडे पैसे जातात.

आधी myAadhaar वर ओटीपीने लॉगिन करून Bank Seeding Status बघा. तिथे जुन्या बँकेचं नाव आणि Active दिसेल. मग नव्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा. त्यात 'नवीन सीडिंग'वर नाही, तर 'दुसऱ्या बँकेतून बदल' या पर्यायावर खूण करा आणि जुन्या बँकेचं नाव लिहा. घोळ बहुतेक इथेच होतो. अर्जाची पोच घ्या, काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा. नवं नाव दिसेपर्यंत जुनं खातं बंद करू नका, नाहीतर मधला हप्ता परत जाईल.

आणखी एक गोष्ट: मॅपरमध्ये खाते क्रमांक नसतो, फक्त बँक असते. एकाच बँकेत तुमची दोन खाती असतील तर पैसे कुठल्या खात्यात टाकायचे ते बँकेची स्वतःची नोंद ठरवते. ते स्टेटसवरून पूर्ण कळत नाही, शाखेतच विचारावं लागतं. Inactive दिसलं तर मात्र सीडिंग पुन्हा करून घ्या.