सांगली-मिरज रस्ता: रुग्णवाहिकेचा वेळ चौकाचौकाने धरा

प्रश्न: "सांगली-मिरज पट्ट्यात रुग्णवाहिका किती मिनिटांत पोहोचेल याचा नकाशा करतोय. ओएसआरएम या मार्ग आणि वेळ काढणाऱ्या सॉफ्टवेअरवरून मोटारीचा वेळ काढला आणि सायरन असतो म्हणून सरसकट ३० टक्के कमी केला. रात्रीही गाडी नकाशापेक्षा उशिरा पोहोचते, संध्याकाळी तर काहीच जुळत नाही. गुणक किती धरू?"

एकच गुणक धरूच नका. सायरनमुळे गाडीचा पळण्याचा वेग थोडाच वाढतो, मुख्यतः तिचं थांबणं कमी होतं. त्यामुळे रस्त्यावर पळण्याचा वेळ वेगळा काढा आणि चौकात जाणारा वेळ वेगळा.

पुष्पराज चौक, विश्रामबाग चौक धरून ५ किलोमीटर आणि ४ चौकांचा टप्पा घ्या. आकडे हिशेबापुरते मानलेले आहेत. दुपारी मोटार ताशी ४० ने गेली तर पळण्याला ४५० सेकंद, आणि प्रत्येक सिग्नलला सरासरी ४० धरले तर चौकांत १६०, म्हणजे एकूण ६१०. रुग्णवाहिका ताशी ४८ ने ३७५ सेकंद घेईल. दोन चौकांत बाजूने जागा मिळाली तर तिथे १२-१२, आणि दोन तुंबलेल्या चौकांत ३५-३५. एकूण ४६९. बचत झाली २३ टक्के. आता रात्री २ वाजता तोच टप्पा: मोटार ताशी ५० ने ३६० आणि चौकांचे मिळून २०, म्हणजे ३८०, रुग्णवाहिका ताशी ६० ने ३०० आणि चौकांचे ३२, म्हणजे ३३२. बचत १३ टक्क्यांच्या आसपास. रात्री मोटारही फारशी थांबत नाही, मग सायरन वाचवणार काय? तुमचे ३० टक्के तिथेच फसतात.

चौक पूर्ण मोकळा असला तरी लाल दिव्यावर त्या १२ पैकी सुमारे ११ सेकंद जातातच. लाल दिवा ओलांडताना चालक ताशी ५० वरून साधारण १५ वर येतो, कारण आडव्या रस्त्यावरच्या दुचाकीला सायरन ऐकू आला की नाही हे त्याला कळत नाही. वेग कमी करून पुन्हा ५० गाठायला १६ सेकंद लागतात. तेवढंच अंतर सरळ वेगात साडेदहा सेकंदांत कापलं असतं. शिवाय ३० मीटर रुंद चौक हळू ओलांडण्यात आणखी ५ सेकंद जातात. म्हणून सिग्नलचा वेळ शून्य धरणं ही मोठी चूक आहे.

तुंबलेल्या चौकाचं गणित मात्र दुभाजकावर अवलंबून असतं, आणि याकडे फार थोडे जण बघतात. चौकाच्या अलीकडे दुभाजकाचा शेवटचा कट किती मीटरवर आहे ते मोजा. समजा १२० मीटर. रांगेत एका मोटारीला साधारण ६ मीटर लागतात, म्हणजे एका लेनमध्ये २० मोटारींपर्यंत रांगेचं शेपूट कटाच्या पुढे राहतं. तोवर चालक कटातून पलीकडच्या बाजूने पुढे निघू शकतो. रांग त्याहून लांबली की रुग्णवाहिका कटाच्याच मागे अडकते. पुढच्या मोटारींना सरकायला जागा नसते, त्यांची इच्छा कितीही असो. मग उरलेला लाल दिवा आणि त्यानंतर पुढच्या प्रत्येक मोटारीमागे सुमारे २ सेकंद असा सगळा वेळ धरावा लागतो. अशा चौकाला गर्दीच्या वेळी ३५ नव्हे, ६०-७० सेकंदही कमी पडतील.

ओएसआरएममध्ये हे आपोआप येत नाही. मोटारीचे नियम असलेल्या `car.lua` फाइलमध्ये `traffic_light_penalty`, म्हणजे सिग्नलसाठी धरलेला जादा वेळ, मुळात फक्त २ सेकंद असतो. सिग्नल नसलेला पण रोज तुंबणारा चौक त्याला दिसतच नाही. उलट दुभाजक असलेल्या रस्त्यावर एकाच चौकात सिग्नलचे दोन-तीन बिंदू नोंदलेले असले, तर हा आकडा वाढवल्यावर एका चौकाचा दंड दोनदा लागतो. म्हणून तो ० करून ओएसआरएमचे एक्स्ट्रॅक्ट आणि पार्टिशन हे टप्पे पुन्हा चालवा आणि चौकांचा वेळ स्वतंत्र फाइलने द्या. प्रत्येक ओळीत आधीचा बिंदू, चौकाचा बिंदू, पुढचा बिंदू यांचे नकाशातले क्रमांक आणि सेकंद, स्वल्पविरामाने वेगळे:

```
osrm-customize sangli.osrm --turn-penalty-file chowk_18h.csv
```

दुपार, संध्याकाळ आणि रात्र अशा तीन फाइली पुरतात. रस्त्यांचा वेगही वेळेनुसार बदलायचा असेल तर त्याच आज्ञेत `--segment-speed-file` जोडता येते.

सेकंद अंदाजाने भरू नका. गाडीच्या जीपीएस नोंदीतून चौकाच्या १५० मीटर अलीकडून १५० मीटर पलीकडे जायला लागलेला वेळ काढा आणि त्यातून तेच ३०० मीटर नेहमीच्या वेगाने कापायचा वेळ वजा करा. फक्त सायरन लावून रुग्णाकडे निघालेल्या फेऱ्या घ्या, रिकामी परतणारी गाडी मिसळली की आकडा बिघडतो. नोंद दर ३० सेकंदांनी होत असेल तर एका चौकाचा वेळ त्यातून निघणार नाही. दर ५ सेकंदांची नोंद मागा.

सरासरीऐवजी दहापैकी नऊ फेऱ्या ज्या वेळेत बसतात तो आकडा फाइलीत घाला. मात्र चारही चौकांचे असे आकडे बेरजेत घेतले तर एकूण वेळ जास्त येतो, कारण चारही चौक एकाच फेरीत तुंबलेले क्वचित सापडतात. तेव्हा नकाशावरची एकूण मिनिटं पूर्ण फेऱ्यांच्या नोंदीशी ताडून घ्या. त्या नोंदीत वेळ गाडीचं चाक हललं तिथपासून मोजा. फोन आल्यापासून गाडी निघेपर्यंतची मिनिटं वेगळ्या रकान्यात ठेवा, नाहीतर तो उशीर चौकांच्या नावावर जमा होईल.